इंडेक्स फंड की निवडक शेअर? बडोद्यातील छोट्या गुंतवणूकदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा आणि मांजलपूर या भागांतील मराठी कुटुंबांची आयकर विवरणपत्रे मी बरीच वर्षे भरत आलो आहे. त्या कामात डीमॅट खात्याचे उतारे रोज डोळ्यांखालून जातात, आणि त्यावरून निघणारे प्रश्न बहुतेक तेच तेच असतात. त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. ज्यांची शेअरबाजारातील एकूण रक्कम काही हजारांपासून आठ-दहा लाखांपर्यंत आहे, अशा वाचकांसाठी हे लेखन आहे.

इंडेक्स फंड म्हणजे नेमके काय? त्यात शेअर कोण निवडतो?

निफ्टी ५० हा राष्ट्रीय शेअरबाजारातील पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक आहे. कंपनीचे जे शेअर प्रवर्तकांकडे अडकलेले नाहीत आणि बाजारात मोकळेपणे फिरतात, त्यांच्या एकूण किमतीनुसार त्या कंपनीला निर्देशांकात वाटा मिळतो. निफ्टीचा इंडेक्स फंड याच पन्नास कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात विकत घेऊन ठेवतो. कोणती कंपनी चांगली आणि कोणती वाईट, याचा निर्णय फंडाचा व्यवस्थापक घेत नाही. निर्देशांकाची फेररचना वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस होते. त्या वेळी एखादी कंपनी वगळली गेली आणि दुसरी आली, तर फंडही तोच बदल करतो.

तुम्ही पाचशे रुपये भरलेत, तर त्या पाचशे रुपयांचेही पन्नास लहानमोठे भाग पडतात. हे स्वतःच्या डीमॅट खात्यात करू गेल्यास जमत नाही, कारण आपल्याकडे अर्धा किंवा पाव शेअर विकत घेता येत नाही, आणि काही कंपन्यांच्या एकाच शेअरची किंमत हजारोंच्या घरात असते.

माझ्याकडे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे शेअर आहेत. एवढे विविधीकरण पुरेसे नाही का?

हा प्रश्न बडोद्यात विशेष महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर मी एका खऱ्या हिशेबावरून देतो. नाव आणि कंपन्या मुद्दाम सांगत नाही.

नंदेसरीच्या बाजूच्या एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे सहा लाख रुपयांचे शेअर होते. त्यांपैकी चार लाख स्वतःच्या जुन्या कंपनीत, एक लाख वीस हजार दुसऱ्या एका रसायन कंपनीत आणि ऐंशी हजार पंप बनवणाऱ्या एका कंपनीत होते. मी त्यांना शेअर विभागायला सुचवले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, विभागलेलेच आहेत की! आणि ही कंपनी माझ्या डोळ्यांसमोर वाढली. तिच्या प्रत्येक रिअ‍ॅक्टरचा नंबर मला पाठ आहे.”

पुढच्या वर्षी चीनमधून स्वस्त माल येऊ लागला, परदेशी ग्राहकांनी गोदामातला जुना साठा संपेपर्यंत नवी मागणी थांबवली, आणि दोन्ही रसायन कंपन्यांचा नफा घसरला. काकांच्या कंपनीचा शेअर ४० टक्क्यांनी उतरला आणि चार लाखांचे दोन लाख चाळीस हजार झाले. दुसरी कंपनी ३५ टक्क्यांनी उतरली, म्हणजे एक लाख वीस हजारांचे अठ्ठ्याहत्तर हजार राहिले. पंपांच्या कंपनीचा रसायनांशी काही संबंध नाही असे काका समजत होते, परंतु तिचे मोठे ग्राहक रासायनिक कारखानेच होते. त्यांनी विस्ताराची कामे पुढे ढकलली आणि तिथेही २५ टक्के गेले. सहा लाखांचे तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार झाले. त्याच वर्षी निफ्टी मात्र वर चालला होता. काकांचा मुलगाही त्याच औद्योगिक वसाहतीत नोकरीला असल्यामुळे घरात येणारा त्याचा ओव्हरटाइमही त्याच महिन्यांत बंद झाला.

काकांना रिअ‍ॅक्टरचे नंबर खरोखर पाठ होते, आणि कंपनीबद्दलचे त्यांचे ज्ञान खोटे नव्हते. पण चीनमधला कारखाना किती माल काढणार आहे, हे वडोदऱ्याच्या प्लांटमध्ये उभे राहून दिसत नाही. म्हणून कंपन्यांची नावे मोजण्यापेक्षा त्यांची कमाई कुठून येते ते पाहावे. प्रत्येक कंपनीपुढे एका ओळीत लिहावे की तिचा माल कोण विकत घेतो आणि तिचा कच्चा माल कुठून येतो. दोन ओळी सारख्या निघाल्या, तर त्या दोन कंपन्या विविधीकरणाच्या हिशेबात जवळजवळ एकच आहेत. या यादीत शेवटची एक ओळ आपल्या पगाराची किंवा पेन्शनचीही लिहावी. ज्याचा पगार, घर आणि शेअर तिन्ही एकाच औद्योगिक पट्ट्यावर अवलंबून आहेत, त्याचे तिन्ही एकाच वेळी अडचणीत येऊ शकतात.

चांगल्या तीन-चार कंपन्या निवडल्या तर सरासरीपेक्षा जास्त मिळणार नाही का?

मिळू शकते. परंतु न मिळण्याची शक्यता अधिक का असते, हे समजून घेण्यासारखे आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे.

शेअर जास्तीत जास्त शंभर टक्के बुडू शकतो, पण वर जाण्याला अशी मर्यादा नाही. त्यामुळे बाजाराची बहुतेक वाढ मोजक्या कंपन्यांकडून येते. अमेरिकन बाजारातील १९२६ पासूनच्या सर्व शेअरांचा अभ्यास हेंड्रिक बेसेमबाइंडर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, अल्प मुदतीच्या सरकारी कर्जरोख्यांपेक्षा बाजाराने जी काही जास्तीची संपत्ती निर्माण केली, ती सर्वच्या सर्व सुमारे चार टक्के कंपन्यांनी केली होती. उरलेल्या सर्व कंपन्या मिळून सरकारी कर्जरोख्यांएवढेच देऊ शकल्या.

हे लहान प्रमाणात मांडून पाहू. समजा दहा कंपन्यांत प्रत्येकी दहा हजार रुपये टाकले आणि दहा वर्षांनी हिशेब केला. एका कंपनीचे एक लाख झाले. दोन कंपन्यांचे प्रत्येकी पंचवीस हजार, तिघींचे प्रत्येकी पंधरा हजार, दोघींचे आठ-आठ हजार आणि शेवटच्या दोघींचे दोन-दोन हजार झाले. एकूण रक्कम दोन लाख पंधरा हजार, म्हणजे एक लाखाची दुप्पट आणि वर थोडे, दरवर्षी जवळजवळ आठ टक्के वाढ. आता दशगुणी झालेली ती एक कंपनी बाजूला काढा. उरलेल्या नऊ कंपन्यांत टाकलेल्या नव्वद हजारांचे एक लाख पंधरा हजार झालेले दिसतील, म्हणजे वर्षाला जेमतेम अडीच टक्के. बँकेतील मुदत ठेवीने याहून जास्त दिले असते.

या दहांतून ज्याने तीनच कंपन्या निवडल्या, त्याच्याकडून ती एक कंपनी सुटण्याची शक्यता दहांत सात आहे. दहाही घेणाऱ्याकडून ती सुटत नाही. तोटा करणाऱ्या चार कंपन्याही त्याच्याकडे असतात, पण त्या चौघींनी मिळून त्याचे वीस हजार रुपये बुडवले आहेत, आणि एकट्या विजेतीने नव्वद हजार मिळवून दिले आहेत. विविधीकरण तोटा कमी करण्यासाठी असते असे सर्वजण मानतात, आणि ते बरोबरच आहे. परंतु विजेती कंपनी हातातून निसटू नये यासाठीही ते तितकेच आवश्यक असते, ही बाजू फार थोड्या जणांच्या लक्षात येते.

निर्देशांकात आणखी एक गोष्ट आपोआप घडते. वाढणाऱ्या कंपनीचा वाटा वाढत जातो आणि घसरणारीचा कमी होत जातो, त्यासाठी काही विकावे लागत नाही. स्वतः शेअर सांभाळणारे बहुतेक लोक याच्या उलट करतात. थोडा नफा दिसला की वाढलेला शेअर विकतात आणि पडलेला शेअर “भाव परत येईपर्यंत” धरून ठेवतात. दहा वर्षांनी त्यांच्या उताऱ्यावर पडलेल्या कंपन्यांचीच गर्दी असते. असे उतारे मी दरवर्षी पाहतो, आणि मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांतील काहींनी एके काळी योग्य कंपनी निवडलेलीही असते.

निर्देशांकातील एखादी मोठी कंपनीच बुडाली तर?

तर तोटा होतो, आणि तो टळत नाही. सत्यम कॉम्प्युटर निफ्टी आणि सेन्सेक्स दोन्हींत होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली आणि आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपयांवर असलेला शेअर दिवसअखेर ४० रुपयांच्या खाली आला. निर्देशांकातून तिला त्यानंतर काढण्यात आले, आधी नव्हे. निर्देशांक पुढचे ओळखत नाही, तो झालेल्या घटनेच्या मागून चालतो, आणि ही त्याची खरी मर्यादा आहे.

फरक पडतो तो रकमेत. सारी गुंतवणूक सत्यममध्ये असणाऱ्याचे एका दिवसात शंभरांतले सुमारे अठ्ठ्याहत्तर रुपये गेले. ज्या फंडात एखाद्या कंपनीचा वाटा दोन टक्के आहे, त्या फंडाचे तेवढ्याच घसरणीने शंभरांतले सुमारे दीड रुपया जातील.

पुढची हकिगत मला अधिक बोधक वाटते. सत्यमच्या जागी सेन्सेक्समध्ये सन फार्मा आली आणि निफ्टीमध्ये रिलायन्स कॅपिटल आली. त्या वेळी दोन्ही मोठ्या आणि प्रतिष्ठित कंपन्या होत्या. सन फार्मा पुढे देशातील आघाडीची औषध कंपनी ठरली. रिलायन्स कॅपिटलचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये बरखास्त केले, कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिच्या भागधारकांच्या हाती काहीही उरले नाही. तोपर्यंत ती निफ्टीतून केव्हाच बाहेर पडली होती. एकाच आठवड्यात, एकाच कारणासाठी निवडलेल्या या दोन कंपन्यांचे भवितव्य इतके वेगळे निघेल, हे २००९ च्या जानेवारीत खात्रीने सांगू शकणारा कोणीही मला भेटलेला नाही.

म्हणजे इंडेक्स फंडात पैसे सुरक्षित असतात का?

नाही. विविधीकरणाने एका कंपनीचा किंवा एका उद्योगाचा धोका कमी होतो, परंतु सगळा बाजार पडला तर त्यापासून संरक्षण मिळत नाही. २००८ च्या जानेवारीत निफ्टी ६,२०० च्या वर होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तो २,५०० च्या आसपास आला. म्हणजे पन्नास कंपन्या असूनही दहा महिन्यांत शंभराचे चाळीस झाले. जानेवारीतली पातळी त्याने २०१० च्या नोव्हेंबरमध्ये क्षणभर गाठली, पण ती खऱ्या अर्थाने मागे टाकायला २०१३ चे अखेरचे महिने उजाडले. जपानच्या निक्केई निर्देशांकाला तर १९८९ ची उंची पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबावे लागले.

म्हणून मुलीच्या लग्नाचे, घराच्या हप्त्याचे किंवा पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारे पैसे इंडेक्स फंडातही ठेवू नयेत आणि शेअरमध्येही ठेवू नयेत. शिवाय निफ्टीचे विविधीकरणही पूर्ण नाही. त्यात बँका आणि इतर वित्तीय कंपन्यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश असतो, आणि पहिल्या दहा कंपन्यांचा मिळून निम्म्याहून अधिक.

मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे निफ्टी इंडेक्स फंड घेतले आहेत. हे विविधीकरण झाले का?

झाले नाही. तिन्ही फंडांत त्याच पन्नास कंपन्या त्याच प्रमाणात आहेत. एक फंड पुरे. आणखी विस्तार हवा असेल, तर निफ्टीच्या पुढच्या पन्नास कंपन्यांचा किंवा पाचशे कंपन्यांचा फंड पाहावा. तसेच नावात ‘इंडेक्स’ आहे म्हणून प्रत्येक फंड व्यापक असतो असे नाही. बँक, औषधे किंवा माहिती तंत्रज्ञान अशा एकाच क्षेत्राच्या निर्देशांकाचेही फंड असतात, आणि काकांची जी अडचण झाली ती तिथेही होऊ शकते.

फंड निवडताना काय पाहावे?

एकाच निर्देशांकाचे सर्व फंड तेच शेअर ठेवतात, त्यामुळे दोनच गोष्टी पाहाव्यात. पहिली, खर्चाचे प्रमाण. दलालाविना घेतलेल्या डायरेक्ट प्लॅनमध्ये, जो जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहे, निफ्टीच्या फंडाचा खर्च साधारण ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे लाखाला वर्षाला दोनशे रुपये. रेग्युलर प्लॅनमध्ये तोच फंड अधिक महाग पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फंड निर्देशांकाच्या किती मागे राहिला. ही तुलना लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टोटल रिटर्न इंडेक्सशी, एक वर्षाची आणि पाच वर्षांची करावी. टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीच्या आकड्यात लाभांश धरलेला नसतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना केली तर निष्काळजीपणे चालवलेला फंडही चांगला वाटतो. फंड दरवर्षी खर्चाएवढाच मागे असेल तर ठीक. त्याहून बराच मागे असेल, तर तो शेअरांची खरेदी-विक्री वेळेवर करत नाही किंवा रोख रक्कम पडून ठेवतो, असे समजावे. पर्याय ग्रोथचा, म्हणजे लाभांश हातात न देता फंडातच ठेवणारा, घ्यावा, कारण लाभांश हातात आला की त्यावर आपल्या उत्पन्नाच्या दराने कर लागतो.

यासाठी डीमॅट खाते लागते का?

इंडेक्स फंडासाठी लागत नाही. पॅन, केवायसी आणि बँक खाते पुरते, आणि वारस नेमून घ्यावा. ईटीएफ, म्हणजे शेअरसारखी बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड, घेण्यासाठी मात्र डीमॅट लागते. त्याचा बाजारातील भाव फंडाच्या प्रत्यक्ष मूल्यापेक्षा कमी-जास्त असू शकतो, म्हणून खरेदीपूर्वी दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

जुने शेअर विकून इंडेक्स फंडात जायचे आहे. कर किती लागेल?

पुन्हा काकांचाच हिशेब घेऊ. त्यांच्याकडे तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांचे शेअर राहिले होते आणि त्यांची करासाठीची खरेदी किंमत दीड लाख होती. शेअर ३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेले असतील, तर त्या दिवसाचा भाव विचारात घेऊन ही किंमत काढावी लागते. बहुतेक वेळा ती मूळ खरेदीपेक्षा जास्त निघते आणि कर कमी होतो, म्हणून ही पायरी गाळू नये.

त्यांचा नफा दोन लाख अठ्ठावीस हजार होता. एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरांवरील नफ्यातून प्रत्येक आर्थिक वर्षात सव्वा लाख रुपये करमुक्त आहेत आणि त्यावरील रकमेवर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे. एकाच दिवशी सर्व विकले असते, तर एक लाख तीन हजारांवर १२,८७५ रुपये कर आणि त्यावर चार टक्के उपकर मिळून १३,३९० रुपये भरावे लागले असते. जुन्या कंपनीचे थोडे शेअर मागे ठेवून त्यांनी प्रत्येक कंपनीचे बाकीचे निम्मे शेअर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणि निम्मे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकले. दोन्ही आर्थिक वर्षांत सुमारे एक लाख चौदा हजार नफा दाखवला गेला आणि त्या वर्षांत असा दुसरा नफा नसल्यामुळे कर शून्य झाला.

नफा खूप मोठा असेल, तर ही विक्री चार-पाच वर्षांवर पसरवण्याचा मोह होतो. ज्याची जवळजवळ सगळी रक्कम एकाच कंपनीत आहे, त्याने तसे करू नये असे माझे मत आहे. त्या मुदतीत शेअर दहा टक्क्यांनी उतरला, तरी वाचवलेल्या करापेक्षा अधिक रक्कम जाऊ शकते. मार्च-एप्रिलचा एक जोड साधावा आणि उरलेल्या नफ्यावरचा कर भरून मोकळे व्हावे.

मला अभ्यासाची आवड आहे. एकही शेअर स्वतः घेऊ नये का?

घ्यावा, पण मर्यादा ठरवून. शेअरबाजारातील एकूण रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंत भाग यासाठी वेगळा ठेवावा आणि त्याचा हिशेब स्वतंत्र वहीत लिहावा. प्रत्येक खरेदीच्या दिवशी, तेवढेच पैसे त्या दिवशी इंडेक्स फंडात टाकले असते तर किती युनिट मिळाली असती, हे शेजारी नोंदवावे. पाच वर्षांनी दोन्ही बाजूंची बेरीज करावी, आणि बुडालेले किंवा मधेच विकलेले शेअर त्यातून वगळू नयेत. काकांनी आपल्या जुन्या कंपनीचे पंचवीस शेअर मागे ठेवले आहेत आणि अशी वही सुरू केली आहे. बाकीच्या रकमेतील दोन लाख त्यांच्या वयाचा विचार करून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले आणि उरलेले निफ्टीच्या एका फंडात गेले. दर तिमाहीच्या पहिल्या रविवारी ते वहीत दोन्ही आकडे लिहितात, आणि कंपनीची वार्षिक सभा असली की अजूनही हजर राहतात.